४७.०२४ म्हणजे पास की फेल?

«महाप्याला आमचं छोटं मशीन शॉप आहे. ॲल्युमिनियमचं हाउसिंग, बोअर ४७ एच ७, म्हणजे ४७.००० ते ४७.०२५. आमच्या सीएमएमवर, म्हणजे को-ऑर्डिनेट मेजरिंग मशीनवर, ४७.०२४ आला, आम्ही पास करून पाठवला. कस्टमरकडे ४७.०२७ आला आणि लॉट परत. मशीनच्या कागदावर 1.9 + L/300 लिहिलंय. हे दोन मायक्रॉन आकड्यात मिळवायचे, वजा करायचे, की टॉलरन्सच तेवढा वाढवून धरायचा? बरोबर कोण, आम्ही की कस्टमर?»

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण भांडण तिथंच अडकलंय. तुम्ही दिलेल्या माहितीवर दोघांपैकी कुणालाच «समोरचा चुकला» असं म्हणता येत नाही. त्या बोअरचा खरा व्यास ४७.०२५ च्या अलीकडे आहे की पलीकडे, हे ना तुमचा आकडा सिद्ध करतो, ना त्यांचा. पुढचं सगळं उत्तर या एका वाक्याचंच स्पष्टीकरण आहे.

टॉलरन्स वाढवून धरण्याचा विचार मात्र आत्ताच सोडून द्या. ड्रॉइंगवरची हद्द डिझाइनरने बेअरिंगसाठी ठरवली आहे. ४७ एच ७ म्हटलं की बहुतेक वेळा ६२०४ बेअरिंग बसणार असतं. तुमचं मशीन किती अचूक आहे याच्याशी त्या बेअरिंगला देणंघेणं नाही. मापनाच्या अनिश्चिततेमुळे टॉलरन्स वाढत नाही. तुम्हाला «पास» म्हणता येईल असा पट्टा तेवढा आतल्या बाजूला सरकतो.

आता त्या 1.9 + L/300 बद्दल. L म्हणजे मोजायची लांबी, ती मिलिमीटरमध्ये घालायची आणि उत्तर मायक्रॉनमध्ये घ्यायचं. ४७ साठी २.०६ मायक्रॉन येतात. पण ही तुमच्या बोअरची अनिश्चितता नव्हे. आयएसओ १०३६०-२ प्रमाणे स्लिप गेज किंवा तत्सम लांबीचे नमुने मोजताना मशीनने जास्तीत जास्त किती चुकावं याची ती हद्द आहे. ती चाचणी स्वच्छ नमुन्यांवर, ठरलेल्या तापमानात आणि सरळ स्टायलसने, म्हणजे जॉबला टेकणाऱ्या सरळ टोकाने होते. तुमचं हाउसिंग नुकतंच कूलंटमधून बाहेर आलेलं असतं, भिंत पातळ असते, बोअर थोडा तिकोनी असतो आणि रात्रपाळीचा मुलगा ते फिक्स्चरमध्ये जरा जोरात आवळतो. यातलं काहीही त्या दोन मायक्रॉनमध्ये धरलेलं नाही. आडव्या बोअरसाठी तुम्ही स्टार स्टायलस लावत असाल तर तो आकडा जसाच्या तसा लागूही होत नाही.

म्हणून या बोअरसाठी, या प्रोग्रॅमसाठी, या खोलीत किती अनिश्चितता आहे, हे आधी काढावं लागतं. मी रबाळ्याला जवळपास याच जातीच्या हाउसिंगवर काम केलंय, तिथले आकडे देतो. तुमचे वेगळे येतील, पण जातील याच वाटेने.

पहिला वाटा मशीनचा. २.०६ ही हद्द आहे. तिच्या आत चूक कुठेही असू शकते असं धरून तिला वर्गमूळ ३ ने भागायचं, १.१९ येतात. दुसरा वाटा तापमानाचा. ॲल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला साधारण २३ मायक्रॉन वाढतं, म्हणजे ४७ मिलिमीटरला दर अंशामागे १.०८ मायक्रॉन. मशीनमध्ये तापमानाची भरपाई चालू आहे, पण सेन्सर दाखवतो त्यापेक्षा जॉब एखादा अंश इकडेतिकडे असू शकतो असं धरलं, तर १.०८ भागिले वर्गमूळ ३, म्हणजे ०.६२. तिसरा वाटा पुन्हा पुन्हा मोजल्यावर येणाऱ्या फरकाचा. हा मोजताना जॉब प्रत्येक वेळी काढून परत बांधायचा. नुसता प्रोग्रॅम दहा वेळा फिरवलात तर फरक फसवा, लहान दिसतो. आम्ही दोन इन्स्पेक्टरांकडून दहा वेळा बांधून मोजलं, प्रमाण विचलन ०.९ मायक्रॉन आलं. चौथा वाटा बोअरच्या आकाराचा, म्हणजे तो पूर्ण गोल नसणं आणि आपण त्यावरचे मोजकेच बिंदू घेणं. त्याला आम्ही ०.८ धरलं. तो कुठून आला ते पुढे सांगतो, कारण खरी गंमत तिथंच आहे.

चौघांचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ घ्यायचं. ती झाली प्रमाण अनिश्चितता u, आणि सुमारे ९५ टक्के खात्रीसाठी तिची दुप्पट म्हणजे U.

```
u = √(1.19² + 0.62² + 0.9² + 0.8²) = 1.8 µm
U = 2 × 1.8 = 3.6 µm
```

म्हणजे तुमचा ४७.०२४ पूर्ण लिहायचा तर «४७.०२४० ± ०.००३६» असा लिहावा लागेल. खरा व्यास सुमारे ९५ टक्के खात्रीने ४७.०२०४ ते ४७.०२७६ यांच्या मध्ये कुठेतरी आहे. वरची हद्द या पट्ट्याच्या आतच आली आहे.

आधी तुमचा आणि कस्टमरचा आकडा एकमेकांशी ताडून बघू. त्यांची अनिश्चितताही तुमच्याइतकीच धरली तर दोन मापनांमध्ये ३.६ चा वर्ग अधिक ३.६ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, म्हणजे ५.१ मायक्रॉनपर्यंत फरक पडला तरी काही वावगं नाही. तुमच्यात फरक आहे ३ चा. दोन मशीन एकमेकांशी भांडत नाहीयेत, माणसं भांडतायत.

मग पास की फेल हे ठरवायचं कसं? त्यासाठी निर्णयाचा नियम लागतो. तो मापनातून निघत नाही, तो आधी ठरवावा लागतो. ऑर्डरवर किंवा ड्रॉइंगवर काहीच लिहिलेलं नसेल तर भौमितिक मापांच्या दुनियेत आयएसओ १४२५३-१ चा आधार घेतात. त्याची २०१७ ची आवृत्ती असं सांगते की जो माल देतो त्याने «जॉब हद्दीत आहे» हे सिद्ध करायचं आणि जो माल नाकारतो त्याने «जॉब हद्दीबाहेर आहे» हे सिद्ध करायचं. सिद्ध करणं म्हणजे किमान ९५ टक्के खात्री. हद्द एकाच बाजूला जवळ असेल तर त्यासाठी १.६५ गुणिले u एवढं अंतर सोडावं लागतं. आपल्या उदाहरणात १.६५ गुणिले १.८, म्हणजे ३ मायक्रॉन.

हा नियम तुमच्या केसला लावून बघा. तुम्ही माल पाठवताय, म्हणजे तुमचा आकडा ४७.००३ आणि ४७.०२२ यांच्या मध्ये यायला हवा होता. ४७.०२४ त्यात बसत नाही, म्हणजे «पास» असा शिक्का मारण्याइतका पुरावा तुमच्याकडे नव्हता. कस्टमर नाकारतोय, तर त्याचा आकडा ४७.०२५ अधिक ३, म्हणजे ४७.०२८ च्या पुढे हवा. त्याचा ४७.०२७ आहे. फेल म्हणण्याइतका पुरावा त्याच्याकडेही नाही. मधला ४७.०२२ ते ४७.०२८ हा सहा मायक्रॉनचा पट्टा कुणाच्याच मालकीचा नाही, आणि तुमचा लॉट नेमका त्यात उभा आहे.

लोक इथं नेहमी एक घोळ घालतात. कस्टमर म्हणतो, आम्हीही तुमच्यासारखाच आतला पट्टा लावणार, ४७.०२२ च्या वरचं सगळं परत. तो तसं म्हणू शकतो, पण त्यासाठी ते ऑर्डरमध्ये आधी लिहिलेलं हवं. आणि लिहिलेलं असेल तर २५ मायक्रॉनच्या टॉलरन्समधले तुम्हाला कामाला १९ च उरतात, त्याचा हिशेब भावात धरा. ठाण्यातले एक जुने क्वालिटी मॅनेजर म्हणायचे, «मायक्रॉन फुकट मिळत नाहीत, ते कुणाच्या तरी खिशातून जातात.» निर्णयाचा नियम ठरवणं म्हणजे तो खिसा कुणाचा हे ठरवणं.

याच्या उलट, आपल्याकडे नव्वद टक्के ठिकाणी न बोलता चालणारा नियम म्हणजे साधा स्वीकार. आकडा हद्दीत आला की पास, बाहेर गेला की फेल, अनिश्चितता दोघांनी मिळून सोसायची. तो चुकीचा नाही. पण त्याला एक अट असते, टॉलरन्सच्या मानाने अनिश्चितता बऱ्यापैकी लहान हवी. रूढ गुणोत्तर चारास एक. पूर्ण टॉलरन्स भागिले दुप्पट U, इथं २५ भागिले ७.२, म्हणजे साडेतीनास एक. अगदी वाईट नाही, पण हद्दीच्या काठावरच्या जॉबवर डोळे झाकून पास म्हणावं इतकं चांगलंही नाही. ४७.०१२ वर आलेला जॉब कुठल्याही नियमाने पासच आहे, त्यावर कुणी वेळ घालवू नये.

काठावर म्हणजे नेमकी किती जोखीम, हेही बघून घ्या. आकडा ४७.०२४, हद्द एक मायक्रॉन लांब, u १.८. सामान्य वितरण धरलं तर खरा व्यास हद्दीत असण्याची शक्यता सुमारे ७१ टक्के निघते. असे दहा जॉब पाठवले तर त्यातले तीन बाहेरचे असू शकतात.

पण हा हिशेब तुम्हाला त्या जॉबखेरीज काहीच माहीत नाही असं धरून केला आहे. तुमच्या प्रोसेसचं रेकॉर्ड असेल तर चित्र बदलतं. समजा गेल्या काही लॉटमध्ये बोअर ४७.०१३ च्या आसपास येतात आणि त्यांचं प्रमाण विचलन ४ मायक्रॉन आहे. अशा प्रोसेसमधून ४७.०२४ चा जॉब निघणं दुर्मीळ. त्यामुळे त्या आकड्यातला काही भाग मापनाच्या चुकीचाच असण्याची शक्यता जास्त. दोन्ही माहिती एकत्र केली की सर्वात संभाव्य व्यास ४७.०२२ च्या जवळ सरकतो आणि हद्दीत असण्याची शक्यता सुमारे ९६ टक्क्यांवर जाते. जेसीजीएम १०६ या २०१२ च्या मार्गदर्शिकेत ही रीत सविस्तर दिली आहे. मी ती कस्टमरसमोर क्वचितच मांडतो, कारण ती तेव्हाच खरी ठरते जेव्हा प्रोसेस स्थिर असते. इन्सर्ट झिजून बोअर दर पन्नास जॉबला सरकत असेल, किंवा मध्येच कुणी ऑफसेट बदलला असेल, तर «एरवी १३ वर येतो» हे वाक्य त्या जॉबला लागूच होत नाही.

आता त्या चौथ्या वाट्याकडे येतो. माझा अंदाज असा की तुमच्या आणि कस्टमरच्या तीन मायक्रॉनचं मूळ बहुधा इथंच सापडेल.

तुमचा प्रोग्रॅम बोअरमध्ये किती बिंदू घेतो? मी पैज लावून सांगतो, एकाच खोलीवर चार. सगळ्यांचा तोच असतो, कारण तो पटकन होतो. हाउसिंग थ्री-जॉ चकमध्ये धरून बोअर केलं असेल तर जॉ सोडल्यावर ते थोडं तिकोनी होतं. पातळ ॲल्युमिनियमला हे चुकत नाही. अशा तिकोनी बोअरवर नव्वद-नव्वद अंशांवर चार बिंदू घेतले तर एक विचित्र गोष्ट घडते. समोरासमोरच्या दोन बिंदूंपैकी एक जेवढा बाहेर असतो तेवढाच दुसरा आत असतो. सॉफ्टवेअर वर्तुळाचं केंद्र तेवढं सरकवतं आणि चारही बिंदू वर्तुळावर अगदी नेमके बसतात. व्यास ठीकच येतो, पण गोलाई, म्हणजे गोलपणातली चूक, जवळजवळ शून्य दिसते. आमच्या रिपोर्टवर गोलाई ०.४ मायक्रॉन छापून येत होती आणि आम्ही ती कौतुकाने कस्टमरला दाखवत होतो. एकदा पूर्ण वर्तुळ स्कॅन केलं आणि ६ निघाली.

व्यास बरोबर येत असेल तर मग बिघडलं काय? एक तर चार बिंदूंना तिकोन दिसत नसला तरी एखादा बारीक बर किंवा चिकटलेला चिप मात्र दिसतो. चारातला एक बिंदू चार मायक्रॉन आत आला तर व्यास दोन मायक्रॉनने कमी येतो. शंभर बिंदूंमध्ये तो एक बिंदू विरून गेला असता. दुसरं म्हणजे, समोरच्याने तीन पायांच्या बोअर मायक्रोमीटरने तपासलं असेल तर तेच तीन पाय तिकोनाच्या तिन्ही खोलगटांत एकदम बसू शकतात. त्रिज्येतली गोलाई ६ असेल तर त्याचा व्यास सरासरीपेक्षा ६ मायक्रॉनपर्यंत मोठा दिसू शकतो, आणि पाय तिन्ही उंचवट्यांवर बसले तर तेवढाच लहान. दोन बिंदूंच्या बोअर डायल गेजला हा तिकोन अजिबात कळत नाही, समोरासमोरचं अंतर सगळीकडे सारखंच येतं. तीन उपकरणं, तीन आकडे, आणि एकही उपकरण बिघडलेलं नाही.

शिवाय खोली. बोरिंग बार आत जाताना वाकतो आणि बोअर थोडा निमुळता होतो. आमच्या हाउसिंगमध्ये तोंडापासून ५ मिलिमीटरवर आणि २० मिलिमीटरवर तीन मायक्रॉनचा फरक होता. तुम्ही तोंडाशी मोजलं आणि त्यांनी आत मोजलं, किंवा उलट, तर ४७.०२४ आणि ४७.०२७ ही दोन्ही मापं शंभर टक्के खरी असू शकतात. मग अनिश्चितता काढून काय उपयोग? आधी आपण एकच गोष्ट मोजतोय का, हे ठरलं पाहिजे. कस्टमरला फोन करायचा तर «तुमची अनिश्चितता किती» हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर ठेवा. पहिल्या नंबरवर विचारा, किती खोलीवर, किती बिंदू, कोणता स्टायलस, जॉब कसा बांधला होता, आणि व्यास कोणत्या पद्धतीने काढला.

ही शेवटची पद्धतीची गोष्ट बारीक आहे, पण बेअरिंगच्या बाबतीत महत्त्वाची. आयएसओ १४४०५-१ प्रमाणे नुसतं ४७ एच ७ लिहिलं की त्याचा अर्थ समोरासमोरच्या दोन बिंदूंमधलं अंतर, आणि ते बोअरमध्ये कुठेही हद्दीत हवं. सीएमएम मात्र न सांगता लघुत्तम वर्गांचं सरासरी वर्तुळ बसवून त्याचा व्यास देतो. बेअरिंगला तिसरंच वर्तुळ भेटतं, बोअरच्या आत मावणारं सर्वात मोठं. सहा मायक्रॉनचा तिकोन असेल तर ते सरासरी वर्तुळापेक्षा सहा मायक्रॉन लहान असतं. म्हणजे वरच्या हद्दीवरून तुमचं भांडण चाललंय आणि बेअरिंगला कदाचित ४७.०१८ चंच भोक मिळतंय. पण हे खालच्या हद्दीकडे उलटतं. सरासरी व्यास ४७.००३ म्हणून निर्धास्त पास केलेला जॉब बेअरिंगला ४६.९९७ वाटेल आणि असेंब्लीत दाबून बसवावा लागेल. ड्रॉइंगवर आकाराच्या पुढे वर्तुळातला ई असेल तर त्या बाजूने हे तपासणं बंधनकारकच आहे. तो आहे का, आज बघा.

अनिश्चितता कमी करता येते का? येते, आणि सीएमएम बदलावा लागत नाही. आमच्यासाठी सर्वात जास्त फायद्याची ठरली ती ४७ ची कॅलिब्रेटेड रिंग गेज. जॉबच्या जागीच रिंग ठेवायची, तोच स्टायलस, तोच प्रोग्रॅम, तेवढेच बिंदू. आमच्या रिंगच्या सर्टिफिकेटवर ४७.०००३ होता आणि मशीन सरासरी ४७.०००८ दाखवत होता. म्हणजे मशीन या व्यासाला अर्धा मायक्रॉन मोठा मोजतो, तेवढं प्रत्येक जॉबमधून वजा करायचं. मशीनच्या १.१९ च्या जागी रिंगच्या सर्टिफिकेटमधला ०.५ आला. आयएसओ १५५३०-३ मध्ये याचीच रीतसर पद्धत आहे. त्यात नमुना पुन्हा पुन्हा बांधून किमान वीस मापनं घ्यायला सांगितलं आहे, आणि नमुना शक्यतो जॉबसारखा असावा असंही. आमची रिंग स्टीलची आणि जॉब ॲल्युमिनियमचा, म्हणून तापमानाचा वाटा आम्हाला वेगळा धरावाच लागला.

तापमानावर दुसरा घाव घातला. आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी एसी बंद राहायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरचा आकडा तासाभरात २० वर यायचा आणि सगळे खूश. पण ग्रॅनाइटचं टेबल आणि रॅकवरचे जॉब तेव्हाही २४-२५ वरच असायचे. ४७ च्या बोअरला चार अंश म्हणजे सव्वाचार मायक्रॉन, भरपाई नीट लागली नाही तर सगळा टॉलरन्स काठावर. धुण्याच्या टाकीतून थेट आणलेला जॉब तर २८ वर असतो. आता एसी सुट्टीतही चालू असतो, जॉब किमान चार तास खोलीत ठेवतो आणि सेन्सर टेबलाला नाही, जॉबला चिकटवतो. पावसाळ्यात भिजत आलेली गाडी उतरवून «लगेच मोजून द्या» म्हणणारे येतात, त्यांना चहा देतो आणि बसवतो. तापमानाचा वाटा ०.६२ वरून ०.३ वर आला.

काठावरच्या जॉबसाठी आम्ही तीनदा बांधून सरासरी घेतो, त्यामुळे ०.९ चं ०.५२ होतं. आणि चार बिंदूंऐवजी तीन खोल्यांवर पूर्ण वर्तुळ स्कॅन करतो, त्यामुळे आकाराचा वाटा ०.८ वरून ०.३ वर आला. नवा हिशेब करून बघा. ०.५, ०.३, ०.५२ आणि ०.३ यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ ०.८४ येतं. U झाली १.७ आणि सोडायचं अंतर १.४. पास म्हणण्याची वरची हद्द ४७.०२२ वरून ४७.०२३६ वर गेली. हे सगळं प्रत्येक जॉबवर करत बसलो तर दुकान बंद पडेल. म्हणून रोजचा चार बिंदूंचा जलद प्रोग्रॅम तसाच ठेवलाय, फक्त आता बारा बिंदू घेतो. त्यात ४७.०२२ च्या वर आलेला जॉब वेगळा काढायचा आणि त्याच्यावरच लांबचा प्रोग्रॅम चालवायचा.

एक मर्यादा सांगतो. टॉलरन्स २५ ऐवजी १० असता तर ३.६ च्या U ने पास म्हणायला चारच मायक्रॉन उरले असते. तिथं हिशेब घासत बसण्यापेक्षा त्या बोअरसाठी मास्टर रिंगसह एअर गेज घ्यावा. सीएमएम जागा, लंबता, अंतरं यांसाठी उत्तम, पण घट्ट बोअरचा व्यास ही त्याची हातखंडा गोष्ट नाही.

आता तुमच्या परत आलेल्या लॉटचं काय करायचं? बाहेरच्या लॅबकडून निवाडा घ्यायचा ठरला तर ठाणे-नवी मुंबईत एनएबीएल मान्यता असलेल्या लॅब आहेत. आयएसओ १७०२५ ची २०१७ ची आवृत्ती असं सांगते की लॅबने पास-फेल लिहून द्यायचं असेल तर कोणता निर्णय-नियम वापरायचा हे आधी तुमच्याशी ठरवलं पाहिजे. फॉर्मवर त्यासाठी एक रकाना असतो. तो लोक कोरा सोडतात, लॅब साधा स्वीकार धरते, आणि मग ४७.०२४ ला «पास» असा कागद मिळतो. तो कागद घेऊन कस्टमरकडे गेलात की भांडण पुन्हा पहिल्या पानावर. त्यामुळे नियम, मोजायची खोली आणि व्यासाची पद्धत हे तिन्ही कस्टमरच्या सहीने लॅबला लिहून द्या. आणि लॅबची त्या व्यासासाठी जाहीर केलेली अनिश्चितता तुमच्यापेक्षा लहान आहे का, हे जॉब पाठवण्याआधीच विचारा. तीही साडेतीन असेल तर पैसे वाया.

रबाळ्याला आमचाही एक लॉट असाच काठावर आला होता, त्यात चाळीस हाउसिंग होती. जुन्या प्रोग्रॅमने नऊ जण ४७.०२२ आणि ४७.०२५ यांच्या मध्ये आले होते. ते नऊ बाजूला काढले, रात्रभर खोलीत ठेवले, रिंग लावून लांबच्या प्रोग्रॅमने मोजले. सहा ४७.०२३६ च्या खाली आले, ते पास करून पाठवले. तीन त्याच्या वर राहिले. बाहेर गेले असं म्हणता येत नव्हतं, आत आहेत असंही सिद्ध होत नव्हतं. मोठा झालेला बोअर रिवर्क करून लहान होत नाही. आम्ही तिन्ही आकडे अनिश्चिततेसह लिहून कस्टमरकडे डेव्हिएशनची परवानगी मागितली. त्यांच्या डिझाइनवाल्याने स्कॅनचे आलेख बघितले, बेअरिंग प्रत्यक्ष बसवून पाहिलं आणि दोन घेतले. तिसऱ्याचा निमुळतेपणा त्याला पटला नाही. तो जॉब आता आमच्या सीएमएमच्या खोलीत असतो. नवा इन्स्पेक्टर आला की त्याला तो आधी चार बिंदूंनी मोजायला देतो, मग स्कॅन करायला.